घरातले कपडे मुद्दाम शिवून घ्या

आपल्याकडे घरात घालायचे कपडे सहसा मुद्दाम घेतले जात नाहीत. बाहेरचा कुर्ता विटला, गळा सैल पडला, काखेतला रंग उडाला की तो घरात घालायला काढायचा, हीच रीत. पुरुषांच्या टी-शर्टचं तेच आणि मुलांच्या पँटींचंही तेच. गाऊन तेवढा नवा आणला जातो, पण तोही भाजी घेऊन येता येता, माप न बघता, रंग आवडला म्हणून. मग दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजते. दारात नणंद आणि तिचे यजमान. "इकडेच आलो होतो, म्हटलं डोकावून जावं," ते म्हणतात, आणि घरातली बाई खांद्यावर ओढणी ओढत "या ना, बसा" म्हणून आत पळते. पाणी द्यायला मुलाला पुढे करते. किंवा व्हिडिओ कॉल येतो आणि बोलणं संपेपर्यंत समोरच्याला फक्त छताचा पंखा दिसत राहतो.

मी शिवणकाम करते आणि शिकवते. त्या कामातून जे कळलं त्यावरून एक विनंती करते आहे: वर्षातून एकदा बाहेरच्या एका चांगल्या ड्रेसचे पैसे बाजूला काढा आणि त्यातून घरात घालायचे जोड मुद्दाम शिवून घ्या. ते गाऊनइतके मोकळे असतात, आणि बेल वाजली तर आत पळावं लागत नाही. दोन्ही गोष्टी एका कपड्यात बसतात. मात्र कापड, गळा आणि लूझिंग या तीन ठिकाणी आधी नीट विचार करावा लागतो.

गाऊनला मी नावं ठेवणार नाही. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात तिथल्या महिला मंडळानं गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बायकांना पाचशे रुपये दंड लावायचं ठरवलं होतं. पुढे २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका गावानं दिवसा सात ते सात नाइटी घालायला बंदी केली आणि दंड दोन हजार रुपये ठेवला. हे दंड मला अजिबात पटले नाहीत. बाईनं गाऊन धरला त्याला कारणं आहेत. कमरेला नाडी काचत नाही, पोटावर पट्टा बसत नाही, उकाड्यात वारा लागतो, बाळाला पाजता येतं, धुवायला एकच कपडा. साडी नेसून दिवसभर ओट्याशी उभं राहिलेल्या बाईला हे सुख काय आहे ते विचारा. त्यामुळे गाऊनच्या जागी जे काही येईल त्यात हे सगळं असलंच पाहिजे. नाहीतर तो नवा कपडा दोन दिवसांत कपाटात जातो आणि गाऊन परत बाहेर येतो.

मग अडचण नेमकी कुठे आहे? ओढणी कुठे जाते ते बघा, ती छातीवर जाते. घरात बऱ्याच बायका आतले कपडे घट्ट घालत नाहीत, काही जणी घालतच नाहीत, आणि घरात ते घालावेत अशी सक्ती कुणी करू नये. बाजारातला गाऊन पातळ कापडाचा, खांद्यापासून सरळ खाली सोडलेला, आणि डोक्यातून सहज निघावा म्हणून मोठ्या गळ्याचा असतो. तो अंगाचा आकार झाकत नाही, वाकलं की गळा पुढे लोंबतो, आणि मागून उजेड आला की आरपार दिसतं. संकोच होतो तो या तीन गोष्टींचा, आणि तिन्हींना शिवणीत उपाय आहे.

कपड्याकडे वळण्याआधी एक सवय सांगते, कारण ती नसेल तर चांगला शिवलेला जोडही उपयोगी पडत नाही. झोपायचे कपडे आणि घरातले कपडे वेगळे ठेवा. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना हे लगेच कळेल. उन्हाळ्यात न्यूजर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, थंडीत साडेदहा. तिकडे रात्रीची जेवणं उरकून, नातवाला मांडीवर घेऊन लेक फोन लावते तेव्हा तिथे साडेआठ-नऊ वाजलेले असतात आणि इथे सकाळचे सहा ते साडेसात. म्हणजे कॉल येतो तो नेमका चुरगळलेल्या कपड्यांत, पहिल्या चहाच्या वेळी. आणि त्या पडद्यावर लेक एकटी नसते, मागे जावई असतो, कधी व्याहीसुद्धा. उठून तोंड धुतलं की कपडा बदला. आंघोळ नंतर करणार असाल तरी बदला. झोपेचा कपडा घरातल्या कपड्यापासून वेगळा राहिला, तर घरातला जोड टिकतोही जास्त, कारण अंथरुणातल्या घासण्यानं कापड विरतं आणि होजिअरीला गोळे येतात.

आता कापड. दुकानात हात लावून मऊ लागलं की आपण घेतो, पण मऊपणा दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला कुठल्याही सुती कापडाला येतो. बघायचं आहे ते अंग. अंग म्हणजे कापड स्वतःचा आकार किती धरतं ते. मलमल आणि व्हॉइल अंगाला चिकटून पडतं, म्हणून ते अस्तराला उत्तम आणि वरच्या कपड्याला एकेरी नको. रेयॉनचे कुर्ते हल्ली फार दिसतात. ते गार लागतात हे खरं, पण अंगावर ओघळतात, ओले झाले की कमकुवत होतात, आणि थोड्या धुण्यांत त्यांची लांबी-रुंदी बदलते. घरातला कपडा रोज धुतला जाणार, त्याला हे परवडत नाही. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड इस्त्रीशिवाय चांगलं दिसतं, पण घाम शोषत नाही, ओट्याशी तासभर उभं राहिलं की जीव नको होतो. तिथे गॅस असतो हेही विसरू नका, कृत्रिम धागा पेटला की वितळून अंगाला चिकटतो.

माझी पसंती मध्यम जाडीच्या कॅम्ब्रिकला किंवा हातमागाच्या सुती कापडाला आहे. इचलकरंजीचं साधं सुती कापड आपल्या बाजारात सहज मिळतं. मंगलगिरीचं हातमागाचं कापड थोडं महाग, पण अंग छान धरतं. इस्त्री तर घरातल्या कपड्याला कुणी करत नाही, करूही नये, म्हणून ज्यात सुरकुती मुळातच विणलेली असते असं कापड मिळालं तर सोडू नका. सीअरसकर म्हणून ते मिळतं. त्यावर बारीक उठाव असतो, अंगाला सगळीकडून टेकत नाही, त्यामुळे गारही लागतं आणि छातीवर आकारही उमटत नाही. एका कापडात इतकं काम क्वचित होतं.

दुकानात एक परीक्षा करा. कापडाचा एकच पदर घ्या, दाराशी उजेडात या, आणि खाली हात धरून बोटं पसरा. बोटांची संख्या मोजता आली तर त्या कापडाला अस्तर लागणार. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ही परीक्षा फसवी असते, कारण तिथे उजेड समोरून पडतो. घरी दार उघडता तेव्हा तुमच्या पाठीमागे बाल्कनी किंवा खिडकी असते आणि उजेड कापडातून आरपार येतो. दारातल्या माणसाला जे दिसतं ते तुम्हाला आरशात कधी दिसत नाही.

रंग आणि छापाचंही थोडं बघा. फार पांढरा कपडा घातला की फोनचा कॅमेरा उजेड कमी करून घेतो आणि चेहरा काळवंडतो. अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकडी पडद्यावर थरथरल्यासारख्या दिसतात, समोरच्याला त्रास होतो. अंगाच्या रंगाच्या जवळचा फिकट बदामी तर नकोच, अंधुक चित्रात काही घातलेलंच नाही असं वाटतं. मोरपंखी, मेंदी, गेरू, जांभळा, असे मधले रंग घ्या आणि छाप रुपयाएवढा किंवा त्याहून मोठा. असा छाप छातीवरचा आकार मोडतो आणि फोडणीचे शिंतोडेही लपवतो.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. चाळीस इंचांच्या कुर्त्यात म्हणजे सव्वा ते दोन इंच गेले. बहुतेक शिंपी हे करत नाहीत, त्यांना वेळ नसतो. कापड आधी भिजवलेलं आहे असं सांगून द्या.

आता एक जोड प्रत्यक्ष मांडून दाखवते. समजा बाईची उंची पाच फूट दोन इंच, छाती अडतीस. तिला गुडघ्याच्या किंचित खाली येणारा कुर्ता आणि पायजमा हवा आहे. कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंच.

छाती अडतीस असली तर शिंपी सवयीनं दोन-तीन इंच लूझिंग धरून चाळीस-एक्केचाळीसचा कुर्ता शिवतो, कारण बाहेरच्या कुर्त्याला फिटिंग हवं असतं. घरातल्या कुर्त्याला सहा इंच लूझिंग मागा, म्हणजे तयार माप चव्वेचाळीस. हे बोलून दाखवावं लागतं, दोनदा सांगावं लागतं, आणि शक्य तर त्याच्या वहीत लिहून घ्यावं लागतं. पुढचा भाग बावीस, मागचा बावीस, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया. म्हणजे एक भाग पंचवीस इंच रुंद. पन्ह्यात दोन भाग शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात. लांबी चाळीस, अधिक खांद्याची माया आणि खालची दुमड मिळून तीन इंच. दोन्ही भागांचे शहाऐंशी इंच झाले, म्हणजे जेमतेम दोन मीटर वीस सेंटिमीटर. बाजूला जी एकोणीस इंचांची पट्टी उरते त्यात कोपरापर्यंतच्या बाह्या आणि खिसा निघतो. आटणं धरून अडीच मीटर घ्या. पायजम्याला सव्वादोन मीटर वेगळं. त्याशिवाय अर्धा-पाऊण मीटर मलमल अस्तराला.

अस्तर पूर्ण कुर्त्याला लावू नका, उकडतं. फक्त पुढच्या भागाला, खांद्यापासून कमरेच्या वर चार बोटांपर्यंत लावायचं. ते बाजूच्या शिवणीत आणि मुंढ्यात धरायचं, खाली मात्र मोकळं सोडायचं. सुती दोन पदर एकमेकांवर सरकतात, चिकटत नाहीत, त्यामुळे आत काही घातलेलं नसलं तरी बाहेर कळत नाही. याच्या जोडीला छातीवर योक घेऊन त्याखाली चुण्या घातल्या तर आणखी बरं. योक छातीच्या सगळ्यात उंच भागाच्या वर संपला पाहिजे. तो बरोबर त्या रेषेवर आला तर चुण्या नको तिथे फुगतात आणि कपडा गरोदर बाईचा वाटतो. ओढणीचं काम या अस्तरानं आणि चुण्यांनी होतं. मी शिवून दिलेल्या बायकांकडून ऐकलेलं कौतुक बहुतेक वेळा या लपलेल्या अर्ध्या मीटर मलमलीचंच असतं.

गळा पुढे पाच इंच, मागे दोन. त्याहून खोल नको. डोकं जात नसेल तर पुढे पाच इंचांची बटणपट्टी घ्या, बटणं खरी, उघडणारी. पाजणाऱ्या आईला पट्टी दहा-अकरा इंच हवी. गळ्याला पायपिन करून सोडतात तसं न करता आतून एक इंचाची पट्टी लावून घ्या. रोजच्या धुण्यात गळा ताणला जातो तो इथेच, आणि व्हिडिओ कॉलवर जो काही कपडा दिसतो तो गळा आणि खांदेच असतात. उभी छोटी कॉलर आवडत असेल तर जरूर घ्या. ती पाऊण इंचाच्या वर नको, मान टोचते.

गळ्याची परीक्षा आरशासमोर उभं राहून होत नाही. आपल्या घरात पाहुणे आले की वाकावं लागतं. वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं लागतं, चहाचा ट्रे पुढे करावा लागतो, खाली बसलेल्या बाईला हळदकुंकू लावायचं असतं. शिंप्याकडून कुर्ता आला की आरसा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा आणि नमस्काराला वाकतो तसं वाका. पुढून गळ्यातून आत दिसता कामा नये, मागून कुर्ता कमरेवर चढता कामा नये. मागून चढत असेल तर लूझिंग नितंबांवर कमी पडलंय, बाजूचे कट थोडे वर घेतले की काम भागतं. मग दोन्ही हात वर करून डबा काढल्यासारखं करा. काखेतून आतलं दिसलं तर मुंढा खोल झाला आहे. फोन ओट्यावर डब्याला टेकवून बोलायची सवय असेल तर हे जास्तच बघा, कारण तिथून कॅमेरा खालून वर बघत असतो आणि उचललेल्या हाताची बाही त्याला आतपर्यंत दिसते.

बाजूचे कट कमरेपासून नऊ-दहा इंच खाली सुरू होऊ देत. कट उंच असले की फरशी पुसताना पोटाची बाजू उघडी पडते.

खिसा उजव्या बाजूच्या शिवणीत घ्या, आतून सात इंच खोल, पाच इंच रुंद. हा खिसा नसला की फोन गळ्यात जातो, म्हणजे गळ्यात अडकवला जातो नाहीतर ब्लाउजात खोचल्यासारखा कुर्त्यात, आणि त्या वजनानं गळा लोंबतो. खिशाच्या तोंडाला वर-खाली दुहेरी टीप घ्यायला सांगा. तिथे उसवलं की सगळी शिवण खाली उघडत जाते.

पायजम्यात चूक होते ती आसनात. बाहेरच्या पँटचं आसन आखूड असतं, ती खुर्चीसाठी शिवलेली असते. घरात आपण मांडी घालून बसतो, पाटावर बसतो, भाजी निवडायला उकिडवे बसतो. आसन आखूड असलं की कमरेमागून पट्टी खाली ओढली जाते. मांडी घालून बसा आणि कंबर ते जमीन हे अंतर बाजूनं मोजा, त्यात दीड-दोन इंच मिळवा, तेवढं आसन मागा. मांडीला घेर सैल, पोटरीखाली थोडा निमुळता, घोट्याच्या वर दोन बोटं. अगदी लांब पायजमा ओल्या फरशीवर भिजतो. कमरेला पुढे सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक आणि आत नाडी. नुसतं इलॅस्टिक असलं तर खिशातल्या फोनच्या वजनानं कपडा सरकतो, नुसती नाडी असली तर काचते. ज्यांना पायजमाच नको आहे त्यांनी कुर्ता घोट्यापर्यंत लांब करून घ्यावा आणि अस्तर, गळा, योक, खिसा तसाच ठेवावा. दिसायला तो लांब ड्रेस, वागवायला गाऊन. आत सुती परकर किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी असू द्यावी म्हणजे मागच्या उजेडाची चिंता नाही.

घरात जुने चांगले गाऊन असतील तर ते टाकू नका. त्यांना पुढून मलमलीचं अस्तर लावून घ्या, गळा खोल असेल तर त्याच रंगाच्या कापडाची एक पट्टी मध्ये बसवून तो वर आणा, आणि खिसा शिवा. वस्तीतला कुठलाही ऑल्टरवाला हे करतो. सुती साडीचंही असंच होतं. साडेपाच मीटरच्या साडीत दोन कुर्ते निघतात, पण आधी साडी उजेडात धरून बघा. निऱ्यांचा आणि बसायच्या जागेचा भाग विरलेला असतो. दोन्ही अंगठ्यांनी तो भाग हलका ताणा. धागे बाजूला सरले आणि परत जुळले नाहीत तर तेवढा भाग अस्तरालाही नको.

पुरुषांबद्दल थोडं, पण आग्रहानं. बनियन आणि बर्मुडा हा घरातला वेश झाला आहे आणि त्यात सासरची माणसं, शेजारच्या काकू, ऑफिसचा व्हिडिओ कॉल, सगळं येतं. कॉलसाठी वर शर्ट चढवून खाली बर्मुडा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की चार्जर आणायला उठावं लागतं. आपल्या आजोबांची तऱ्हा यापेक्षा शहाणपणाची होती. सुती लेंगा आणि वर खिसेवाली कोपरी किंवा बंडी. वारा लागायचा, अंग झाकलेलं असायचं, आणि दारात कोण आहे याची त्यांना काळजी नसायची. तसाच अर्ध्या बाह्यांचा सैल सदरा, पुढे बटणपट्टी, छातीवर एक खिसा, असा शिवून घ्या. छाती चाळीस असेल तर तयार माप सेहेचाळीस. खाली नाडी-इलॅस्टिकचा लेंगा. कापड वर सांगितलेलंच. हे शिवायला बायकांच्या कुर्त्यापेक्षा सोपं आणि स्वस्त पडतं. होजिअरीचा टी-शर्टच हवा असेल तर कॉलरचा घ्या, आणि गळा लाटेसारखा झाला की तो गाडी पुसायला द्या.

घरात वयस्क सासूबाई किंवा वडील असतील तर त्यांचा कपडा पुढून पूर्ण उघडणारा हवा. खांदा दुखत असला की डोक्यातून घालणं ही शिक्षा असते, म्हणून ते आदल्या दिवशीचाच कपडा अंगात ठेवतात आणि माणसं आली की आत जाऊन पडतात. मोठी, चपटी, निदान पाऊण इंचाची बटणं लावा, बोटांना सापडतात. बोटं फारच आखडली असतील तर बटणं वरून शोभेला लावून आत वेल्क्रो बसवून द्या. त्यांना माणसांत बसता येणं हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

स्वयंपाकासाठी एप्रन वापरा. मळलेल्या घरच्या कपड्याचं कारण बहुतेक वेळा ओटा असतो. जुन्या चादरीचा, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा एक एप्रन शिवायला तासभर पुरतो. बेल वाजली की तो काढून खुंटीला अडकवला, झालं. तरीही हळद लागलीच तर घाबरू नका. साबण लागला की तो डाग लालसर होतो, साबणातल्या क्षारानं तसं होतं. नेहमीसारखं धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. एक-दोन उन्हं जास्त लागली तर लागू देत. मात्र तेल-तिखटाचा डाग उन्हानं जात नाही, त्यावर लगेच भांडी घासायचा द्रव लावून पाच मिनिटांनी चोळा.

वाळत घालताना कपडा करकचून पिळू नका. जोरानं दोनदा झटका, शिवणी हातानं ओढून सरळ करा आणि हँगरवर उलटा करून वाळवा. किंचित ओलसर असताना घडी करून वर दोन जड कपडे ठेवले की सकाळी इस्त्रीची गरज उरत नाही.

किती जोड लागतात? एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात, म्हणजे तीन. मुंबई-कोकणात पावसाळ्यात चार, कारण जाड सुती कापड तिथे दुसऱ्या दिवशीही दमट राहतं. सगळे एकदम शिवू नका. आधी एक शिवा, तीन-चार वेळा धुवा, वाकून-बसून बघा, काय खुपतंय ते शिंप्याला सांगा, आणि मग तोच कुर्ता मापाला देऊन बाकीचे टाका. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे दिवस टाळा, शिंप्याकडे तेव्हा ब्लाउजांची रांग असते आणि तुमचा घरचा कुर्ता सगळ्यात शेवटी, घाईत शिवला जातो. श्रावण लागण्याआधी टाकलात तर तो सावकाश शिवतो, आणि गौरी-गणपतीत दिवसभर माणसांची ये-जा सुरू होते तेव्हा जोड तयार असतो.

आणि कधी काढून टाकायचा? गळ्याची पट्टी आत-बाहेर वळू लागली, कोपरावर कापड उजेडात जाळीदार दिसू लागलं, किंवा काखेतली शिवण दुसऱ्यांदा उसवली, यातलं एक झालं की तो कपडा झोपायला घ्या. तिथेही फाटला की फडकी करा, बटणं काढून डबीत ठेवा आणि नव्यासाठी अडीच मीटर कापड आणून भिजत घाला.